पहाटे ५:२० ला घेतलेलं टोकन ९:२० ला मेलेलं असतं. ब्रोकरचं लॉगिन बाजार उघडायच्या आत आपोआप कसं करावं?

भूमचा_गोविंद · मंगळवार, रात्री ९:३५

नमस्कार मंडळी. मी भूम तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळी ६ ते साडेनऊ हातात कॅन आणि समोर फॅट मशीन, त्यामुळे मोबाईल बघायला फुरसत नसते. बाजार उघडतो नेमका त्याच वेळी. म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर एक लहान स्क्रिप्ट लावली आहे. निफ्टीचा ईटीएफ आदल्या दिवसाच्या बंद भावापेक्षा ठरलेल्या टक्क्यांनी खाली असला तर ९:२० ला थोडे युनिट घ्यायचे, एवढंच तिचं काम. इंट्राडे नाही, ऑप्शन नाही.

अडचण लॉगिनची आहे. ब्रोकरचं टोकन रोज संपतं. माझ्या ब्रोकरकडे क्लायंट कोड, पिन आणि टीओटीपी एपीआयमधूनच देता येतात, म्हणून तेही स्क्रिप्टमध्येच टाकलं. मी ५ ला उठतो. केंद्रावर निघायच्या आधी डोळ्यांनी बघता यावं म्हणून वेळ ५:२० ठेवली. त्यातून हुकलं तर ८:३० ला दुसरी फेरी आहे. तरी तीन दिवस झाले, असंच होऊ लागलंय:

```
05:21:07 login ok, token saved
08:30:01 token found for today, skipping login
09:20:03 order failed: HTTP 403
```

पहाटे लॉगिन व्यवस्थित होतंय. पिन बरोबर, टीओटीपी बरोबर. मग चार तासांत टोकन मरतंय कशानं? ब्रोकरच्या मदत कक्षाला लिहिलं तर "पुन्हा लॉगिन करून बघा" एवढंच उत्तर आलं.

सेलूकर · मंगळवार, रात्री १०:०२

गोविंदभाऊ, टोकन २४ तास टिकतं, त्यामुळे वेळेचा प्रश्न नसावा. तुम्ही रिफ्रेश टोकन वापरत नाही असं दिसतंय. लॉगिनच्या उत्तरात दोन टोकन येतात, एक रोजच्या कामाचं आणि दुसरं नवं टोकन मागून घेण्याचं. दर दोन तासांनी रिफ्रेश मारत राहिलं की पिन नको नि टीओटीपी नको. मी कंपनीच्या कामात असंच करतो, वर्षभर हात लावावा लागत नाही.

बीडचे_काका · मंगळवार, रात्री १०:२०

मला पण रोज लॉगिन करावं लागायलंय. ॲप उघडलं की पिन मागतंय, पिन टाकला की बोट ठेवा म्हणतंय. त्यावरून विकायला गेलं की वेगळाच पिन आणि ओटीपी. काल शेअर विकायला बसलो तर त्यातच भाव निघून गेला. हे कायमचं बंद करायचा काही उपाय आहे का?

नांदेड_अनघा · मंगळवार, रात्री ११:१०

काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण गोविंदभाऊंनाही पुढे लागेल म्हणून आधी तोच घेते. विकताना मागतात तो सीडीएसएलचा टीपिन. डिमॅटमधले शेअर बाहेर काढायला तुमची मंजुरी म्हणून तो असतो. ब्रोकरला डीडीपीआयचा फॉर्म भरून दिला की विक्रीच्या वेळी टीपिन लागत नाही. ॲपचा पिन मात्र राहणार आणि तो राहिलेलाच बरा.

आता गोविंदभाऊ. सेलूकर म्हणतात ते इतर बऱ्याच एपीआयच्या बाबतीत बरोबर आहे, पण आपल्याकडच्या ब्रोकरना ते तसंच लागू होत नाही. इथलं टोकन "घेतल्यापासून इतके तास" असं मोजलेलं नसतं, घड्याळातल्या एका ठरलेल्या वेळेला ते मरतं. अपस्टॉक्सच्या दस्तऐवजात ती वेळ पहाटे ३:३० आहे. रात्री ८ ला घ्या की रात्री अडीचला घ्या, साडेतीनला ते संपणारच. काईट कनेक्टमध्ये ती सकाळी ६ आहे. म्हणजे तिथे ५:२० ला घेतलेलं टोकन चाळीस मिनिटं जगतं. ते खरंच मिळालेलं असतं आणि चालूही असतं, म्हणून लॉगमध्ये `login ok` दिसतं. पण ब्रोकरच्या हिशोबात तोवर कालचाच दिवस चालू असतो.

तुमच्या ब्रोकरची वेळ अंदाजाने ठरवू नका, उद्या मोजून बघा. नेहमीसारखं ५:२० ला लॉगिन होऊ द्या. मग तेच टोकन घेऊन दर दहा मिनिटांनी प्रोफाईलची साधी विनंती पाठवा. ज्या फेरीला २०० च्या जागी ४०१ किंवा ४०३ येईल तिथं तुमची रेघ सापडली. तोवर दुसऱ्या कुठून लॉगिन करू नका, नाहीतर मोजमाप फसेल.

आणि तुमच्या लॉगमधली दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त खटकते. ८:३० च्या फेरीने तुम्हाला वाचवायला हवं होतं. तिने काय तपासलं?

भूमचा_गोविंद · बुधवार, सकाळी १०:०५

अनघाताई, मोजलं. ५:५० ला २००, ६:०० च्या फेरीला ४०३, तिथून पुढे सगळे ४०३. म्हणजे सहाचीच रेघ.

८:३० च्या फेरीचं आता ध्यानात आलं. फाईलवर आजची तारीख आहे का, एवढंच ती बघत होती. पहाटे ५:२१ ला लिहिलेल्या फाईलवर आजचीच तारीख असणार, म्हणून ती रोज "आहे" म्हणून परत जायची.

नांदेड_अनघा · बुधवार, दुपारी १:४०

हेच मूळ दुखणं. पहिल्या चुकीवर दुसऱ्या फेरीने पांघरूण घातलं. फाईल आजची आहे एवढ्यावरून टोकन जिवंत आहे असं होत नाही, ते ब्रोकरलाच विचारावं लागतं:

```python
def token_alive(t):
    r = requests.get(PROFILE_URL, headers=auth(t), timeout=10)
    if r.status_code in (401, 403):
        return False
    r.raise_for_status()
    return True
```

मधल्या दोन ओळी जपा. ४०१ किंवा ४०३ आलं तरच "मेलं" म्हणायचं. ५०० आलं, वेळ संपली किंवा नेट गेलं, तर टोकन मेलं असं समजून नवं लॉगिन करायचं नाही. अशा वेळी दोष टोकनात नसतो. स्क्रिप्ट मात्र लॉगिनवर लॉगिन मारत सुटते, चुकीच्या प्रयत्नांची मोजणी वाढते आणि ब्रोकर खातंच कुलूपबंद करतो. ते उघडायला मग पासवर्ड बदलण्याचे सोपस्कार आले, आणि ते ऐन ९ वाजता. मी लॉगिनचे जास्तीत जास्त दोन प्रयत्न ठेवते, मध्ये किमान एका मिनिटाचं अंतर. तिसरा प्रयत्न माणसाने करायचा.

वेळ तुम्ही ८:१० ठेवा. प्री-ओपन ९ ला सुरू होतं, म्हणजे बिघडलं तर हातात ५० मिनिटं राहतात. सहाला लागूनही ठेवू नका, त्या सुमारास ब्रोकरकडचीही साफसफाई चाललेली असू शकते.

संभाजीनगर_वैभव · बुधवार, दुपारी ३:१५

वेळेवरून माझा अनुभव. मी क्लाउडवर सर्व्हर घेतला आणि क्रॉनमध्ये `30 8 * * 1-5` लिहिलं. लॉगिन रोज दुपारी २ ला व्हायचं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, आपण साडेपाच तास पुढे. आठवडाभर मी ब्रोकरला दोष देत होतो.

आता दुसरी अडचण आहे. माझ्या दोन स्क्रिप्ट आहेत, एक भाव ऐकते, दुसरी ऑर्डर टाकते. दोघी आपापलं लॉगिन करतात. एकीचं झालं की दुसरी ४०३ द्यायला लागते. मग तीही लॉगिन करते, की पहिली पडते. हे कशामुळे?

नांदेड_अनघा · बुधवार, रात्री ९:२५

वैभव, बऱ्याच ब्रोकरकडे एका ॲपला आणि एका खात्याला एकच जिवंत टोकन असतं. नवं निघालं की जुनं रद्द. तुझ्या दोघी एकमेकींचं टोकन मारतायत. लॉगिन करणारी स्क्रिप्ट एकच ठेव. बाकीच्यांनी फक्त फाईल वाचायची आणि ४०३ दिसलं तर थांबून फाईल पुन्हा वाचायची, स्वतः लॉगिन करायचं नाही. फाईल लिहितानाही आधी तात्पुरत्या नावाने लिही आणि मग `os.replace` ने जागेवर ठेव, म्हणजे दुसरीच्या हाती अर्धवट लिहिलेलं टोकन पडणार नाही. हक्क `600`.

काही ब्रोकरकडे वेब टर्मिनलवरून सगळीकडून लॉगआउट केलं तरी एपीआयचं टोकन जातं. दुपारी अचानक ४०३ आलं तर घरातल्या कोणी ते बटण दाबलं का, हे आधी विचार.

वेळेसाठी मी क्रॉन सोडून सिस्टमडीचा टायमर वापरते. त्यात आपला टाइमझोन थेट लिहिता येतो, सर्व्हर कुठल्याही देशात असो:

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 08:10:00 Asia/Kolkata
Persistent=true
```

सोमवार ते शुक्रवार असं मुद्दाम लिहिलेलं नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता, आणि `1-5` लिहिलेल्यांचं लॉगिन त्या दिवशी झालंच नाही. सुट्टीच्या दिवशी फुकट लॉगिन झालं तर काही बिघडत नाही. `Persistent` मुळे ८:१० ला मशीन बंद असलं तर चालू झाल्याबरोबर काम होतं.

सेलूकर · बुधवार, रात्री ९:५०

२४ तासांचं माझं चुकलं, मान्य. पण रिफ्रेश टोकन असतंच ना? माझ्या ब्रोकरच्या उत्तरात ते येतं.

नांदेड_अनघा · बुधवार, रात्री १०:१५

येतं, आणि काही ठिकाणी उपयोगही होतो. फायर्सच्या एपीआयने १५ दिवसांचं रिफ्रेश टोकन दिलं, पण तिथेही नवं टोकन मागताना पिन द्यावा लागायचा. म्हणजे पिन मशीनवर ठेवणं काही चुकत नाही. शिवाय सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगबद्दल परिपत्रक काढलं. त्यानंतर एक्सचेंजांच्या नियमांत एपीआयची सत्रं पुढचा व्यवहाराचा दिवस सुरू व्हायच्या आत रोज बंद करायची आहेत. त्यामुळे "एकदा लॉगिन, वर्षभर निवांत" हे गणित इथे धरू नका.

परळीची_स्नेहल · गुरुवार, सकाळी ७:३०

धागा वाचतेय आणि काळजी वाटतेय म्हणून लिहिते. पिन आणि टीओटीपीची गुप्त किल्ली, दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवल्यावर दुसरा घटक उरला कुठे? लॅपटॉप ज्याच्या हाती, खातं त्याच्या हाती. दोन घटकांचं लॉगिन आणलंच आहे ते एक गोष्ट चोरीला गेली तरी खातं वाचावं म्हणून.

मी रोज ८:३० ला स्वतः लॉगिन करते. स्क्रिप्ट मला लॉगिनचा दुवा पाठवते, मी फोनवर तो उघडून पिन आणि टीओटीपी टाकते, आणि परत येणारं टोकन सर्व्हर उचलतो. ३० सेकंदांचं काम. काईट कनेक्टच्या दस्तऐवजात तर स्पष्ट म्हटलंय की दिवसातून एकदा वापरणाऱ्याने स्वतः लॉगिन करणं एक्सचेंजच्या नियमाने बंधनकारक आहे. तरी लोक तिथं ब्राउझर स्क्रिप्टने चालवून लॉगिनचं पान भरतात. ते मला पटत नाही.

नांदेड_अनघा · गुरुवार, सकाळी ८:५५

स्नेहलताई, ब्राउझर चालवून पान भरण्याबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. जिथे ब्रोकर नाही म्हणतो तिथे ते करू नये. शिवाय ते टिकतही नाही, पानावरच्या एका बटणाचं नाव बदललं की सकाळ गेली. पण एंजल वनच्या स्मार्टएपीआयसारख्या ठिकाणी लॉगिनची विनंतीच क्लायंट कोड, पिन आणि टीओटीपी घेते. तिथे दार ब्रोकरनेच ठेवलेलं आहे. अपस्टॉक्समध्ये मधला मार्ग आहे, सर्व्हर टोकन मागतो, तुमच्या फोनवर सूचना येते, तुम्ही मान्य करा म्हटलं की टोकन सर्व्हरकडे जातं.

दुसऱ्या घटकाबद्दलचा तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी किल्ली कोडमध्ये ठेवत नाही, वेगळ्या वापरकर्त्याच्या फाईलमध्ये ठेवते आणि त्या मशीनवर दुसरं काहीच चालवत नाही. पैसे काढायचे तर ते फक्त नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात, एवढा आडोसा आहे. तरी चोर वाटेल त्या ऑर्डर टाकून नुकसान करू शकतोच.

भूमचा_गोविंद · गुरुवार, रात्री ९:१०

स्नेहलताई, तुमचं म्हणणं पटतं, पण माझे हात साडेआठला दुधात असतात. रांगेत तीस माणसं उभी असताना फोन काढता येईना. म्हणून मला आपोआपच पाहिजे. किल्ली मात्र आज कोडमधून बाहेर काढली आणि लॅपटॉपवरचं मुलांचं खातं बंद केलं.

८:१० ची वेळ लावली. आज पहिल्या प्रयत्नाला "चुकीचा टीओटीपी" आलं, दुसऱ्याला झालं. किल्ली तीच, मग पहिल्यांदा का चुकावं?

नांदेड_अनघा · गुरुवार, रात्री १०:३०

दोन कारणं असू शकतात. टीओटीपी घड्याळावरून निघतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. तुम्ही खिडकीच्या शेवटच्या सेकंदाला आकडा काढला आणि तो पोचेपर्यंत पुढची खिडकी सुरू झाली, तर तो शिळा ठरू शकतो. त्याला उपाय सोपा:

```python
left = 30 - time.time() % 30
if left < 5:
    time.sleep(left + 1)
code = pyotp.TOTP(SECRET).now()
```

दुसरं कारण लॅपटॉपचं घड्याळच मागे असणं. जुन्या लॅपटॉपची आतली बटन बॅटरी उतरली की दर वेळी चालू करताना वेळ चुकते आणि नेट आल्यावरच सुधारते. `timedatectl` चालवून `System clock synchronized: yes` येतं का बघा. फोनवरच्या ऑथेंटिकेटरचा आकडा आणि स्क्रिप्टचा आकडा शेजारी ठेवा, एकाच क्षणी वेगळे दिसले तर घड्याळच चुकलंय.

भूमचा_गोविंद · शुक्रवार, रात्री ९:००

घड्याळ ४० सेकंद मागे होतं. काल पहाटे वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, आणि नंतर वेळ जुळायच्या आतच स्क्रिप्ट धावली. आता वेळ जुळल्याशिवाय लॉगिन करायचं नाही अशी अट घातली.

पण त्यावरून दुसरी धास्ती. आमच्याकडे वीज गेली की राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर थोडा वेळ चालेल, पण नेटच नाही तर लॉगिन फसलं हे मला सांगणार कोण? टेलिग्रामचा निरोपही त्याच नेटवरून जातो.

संभाजीनगर_वैभव · शुक्रवार, रात्री ९:४०

भाऊ, घरातून हलवा ते. ऑर्डरसाठी आता स्थिर आयपी ब्रोकरकडे नोंदवावा लागतो, आणि घरच्या नेटचा आयपी राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. माझं एकदा असंच झालं. लॉगिन झालं, प्रोफाईल आलं, ऑर्डर मात्र नाकारली. मी तासभर टोकन तपासत बसलो, आणि दोष आयपीचा निघाला. माझा सर्व्हर बाहेर जाताना आयपीव्ही६ वरून जात होता, नोंदवलेला होता आयपीव्ही४.

नांदेड_अनघा · शनिवार, सकाळी ११:२०

वैभवचं बरोबर आहे. टोकन जिवंत असणं आणि ऑर्डर जाणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. `token_alive` नंतर `curl -4 ifconfig.me` ने आयपी बघून नोंदवलेल्याशी ताडून घ्या, आणि ऑर्डरही आयपीव्ही४ वरूनच जाईल असं बघा.

निरोपाचं असं करा, की गजर त्या लॅपटॉपवर नसावाच. healthchecks.io सारखी सेवा उलट्या बाजूने चालते. सगळं नीट झालं की स्क्रिप्ट तिला खूण पाठवते. ८:२० पर्यंत खूण आली नाही तर ती तुम्हाला कळवते. वीज जावो, नेट जावो, लॅपटॉप अडको, तुमच्याकडून काहीच पोचलं नाही हीच तिच्यासाठी बातमी. खूण लॉगिन झाल्यावर लगेच पाठवू नका, टोकन आणि आयपी दोन्ही तपासून मगच.

बीडचे_काका · शनिवार, दुपारी १२:१०

अनघाबाई, डीडीपीआयचा फॉर्म भरून दिला. त्यावर आधारचा ओटीपी मागितला, तेवढं झालं. एक विचारतो, गोविंद, तुझं विकायचं पण स्क्रिप्टच करते का?

भूमचा_गोविंद · सोमवार, सकाळी १०:१५

नाही काका, विकायचं मी स्वतः बघतो. स्क्रिप्ट फक्त घेते.

शनिवारी छोटा क्लाउड सर्व्हर घेतला, त्याचा स्थिर आयपी ब्रोकरकडे नोंदवला. आजचा लॉग:

```
08:10:02 clock synced, old token: 403
08:10:05 login ok
08:10:06 profile 200, ip ok, ping sent
09:20:01 price above limit, no order
```

भाव उतरला नाही म्हणून ऑर्डर गेली नाही, पण टोकन ९:२० ला चालू होतं हे भाव वाचल्यावरून कळलं. मुद्दाम एक परीक्षा पण घेतली. काल रविवारी ८:०५ ला सर्व्हर बंद करून ठेवला. केंद्रावर ८:२१ ला फोन वाजला. त्या निरोपाला मी वेगळाच आवाज लावलाय, त्यामुळे कॅन ओततानाही ओळखू आला.

आता एक राहिलं. निरोप आला तर मी फोनवरून ॲप उघडून हाताने ऑर्डर टाकायची की त्या दिवशी सोडून द्यायचं, हे ठरवता येईना. आणि दिवसा मध्येच टोकन गेलं तर स्क्रिप्टने ९:१५ नंतर स्वतः लॉगिन करावं का?

परळीची_स्नेहल · सोमवार, दुपारी २:३०

माझं मत, ९:१५ नंतर करू नये. दिवसा टोकन गेलं म्हणजे कोणीतरी दुसरीकडून लॉगिन केलेलं असू शकतं. ते तुम्हीच केलंत की आणखी कोणी, हे आधी कळलं पाहिजे.

संभाजीनगर_वैभव · सोमवार, दुपारी ३:४५

ताई, गोविंदभाऊंचं ठीक आहे, ते फक्त घेतात. माझी पोझिशन उघडी असताना टोकन गेलं तर स्टॉपलॉस कोण हलवणार? मला तरी त्या वेळी आपोआप लॉगिन हवंच आहे.

नांदेड_अनघा · सोमवार, रात्री १०:००

वैभव, त्यासाठी स्टॉपलॉस ब्रोकरकडेच ऑर्डर म्हणून टाकून ठेव, स्क्रिप्टच्या डोक्यात नको. मग टोकन गेलं तरी तो तिथे उभा असतो. तो भावाबरोबर वर सरकवत न्यायचा असेल तर मात्र तुझा प्रश्न उरतोच. मी एकदाच लॉगिन करू देते, सोबत फोन वाजवते, आणि दुसऱ्यांदा गेलं तर स्क्रिप्ट थांबते. स्नेहलताईंना हे पटणार नाही, ठाऊक आहे.